मूळव्याधीचा कोंब घरी कापणं, बांधणं, डागणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोंब हाताला लागतो, आरशात दिसतो, त्यामुळे तो हातानेच काढून टाकता येईल असं वाटतं. खालचे बहुतेक प्रश्न याच विचारातून आले आहेत. दोरा बांधून झाला असेल तर आधी प्रश्न ९ वाचा. रक्त वाहत असेल तर थेट प्रश्न १० वर जा, बाकीचं नंतर वाचता येईल.

१. कोंब म्हणजे नेमकं काय? चामखिळीसारखी वाढलेली कातडीच ना?

नाही. गुदद्वाराच्या आतल्या बाजूला प्रत्येकालाच रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात, साधारण तीन ठिकाणी. गुदद्वार नीट मिटलेलं राहावं, वारा किंवा पातळ मल नकळत बाहेर येऊ नये, यासाठी त्यांची मदत होते. वर्षानुवर्षं कुंथल्याने किंवा इतर कारणांनी या गाद्यांना जागेवर धरून ठेवणारे धागे सैल पडतात आणि गादी खाली घसरते. आपण जिला कोंब किंवा मोड म्हणतो, ती ही घसरलेली गादी.

यातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, कोंबाला फळासारखा देठ नसतो. त्याचं बूड रुंद असतं आणि ते थेट गुदाशयाच्या भिंतीत गेलेलं असतं. दुसरी, या गादीत धमन्या आणि शिरा एकमेकींना थेट जोडलेल्या असतात. म्हणूनच मूळव्याधीचं रक्त काळपट नसतं, लालभडक असतं, आणि काही वेळा थेंब थेंब न पडता धार लागते.

२. आतला कोंब आणि बाहेरचा कोंब यांत एवढा काय फरक आहे?

पुढची सगळी उत्तरं याच फरकावर उभी आहेत, म्हणून हे सावकाश वाचा.

गुदद्वाराच्या कडेपासून साधारण २ सेंटिमीटर आत एक दातेरी रेषा असते. तिच्या वरच्या अस्तराला टोचल्याची, कापल्याची किंवा भाजल्याची वेदना जवळपास कळत नाही. तिथे फक्त दाब आणि ताण जाणवतो. रेषेच्या खालची कातडी मात्र शरीरातल्या सर्वांत संवेदनशील भागांपैकी एक आहे. रेषेच्या वर असतो तो आतला कोंब, खाली असतो तो बाहेरचा.

दवाखान्यात बेशुद्ध न करता जे उपाय होतात, म्हणजे रबर बँड, इंजेक्शन किंवा इन्फ्रारेड, ते सगळे या रेषेच्या वर होतात. दिसणाऱ्या गाठीला तिथे हात लावला जात नाही, उपाय होतो तो तिच्या मुळाशी. घरी आरसा धरून जो भाग हाताशी येतो तो नेमका रेषेच्या खालचा असतो, किंवा वरचा-खालचा मिळून झालेला असतो. हत्यार कितीही स्वच्छ केलं तरी जागा चुकलेलीच राहते.

३. डॉक्टर रबर बँडने कोंब बांधतातच. मग मी दोऱ्याने बांधला तर काय बिघडलं?

बँड लावताना आधी प्रॉक्टोस्कोप नावाची आखूड नळी आत घालतात आणि उजेडात दातेरी रेषा शोधतात. तिच्या बरंच वर, कोंबाच्या माथ्यावरचं थोडं सैल अस्तर ओढून किंवा शोषून उपकरणात घेतात. त्या वेळी रुग्णाला टोचल्यासारखी तीव्र कळ आली तर जागा खाली गेली आहे हे कळतं, आणि बँड तिथे न सोडता वर सरकवतात. पकडलेलं अस्तर मोजकंच असतं. बँडचं छिद्र अगदी बारीक असल्यामुळे पकडलेल्या भागाचा रक्तपुरवठा एकदम आणि पूर्ण बंद होतो. रबर लवचीक असतं, म्हणून आतला भाग सुकत गेला तरी बँड आवळलेलाच राहतो. काही दिवसांत तो तुकडा गळतो, आणि तिथली जखम भरताना उरलेली गादी भिंतीला वर चिकटून बसते.

दोऱ्याच्या बाबतीत यातली एकही गोष्ट जुळत नाही. जागा दिसत नाही, किती भाग पकडला गेला ते कळत नाही, आणि एकदा मारलेली गाठ पुढे घट्ट होत नाही. त्यातून काय घडतं ते प्रश्न ४ मध्ये टप्प्याटप्प्याने दिलं आहे.

४. चामखीळ केस बांधून पडते. मग कोंब का नाही पडणार?

समजा कोंब अंगठ्याच्या पेराएवढा आहे, शौचानंतर बाहेर येतो आणि बोटाने आत ढकलावा लागतो. रात्री बाहेर आलेला असतानाच त्याच्या बुडाशी शिवणाच्या दोऱ्याचे दोन वेढे देऊन गाठ मारली.

हाताने आवळलेल्या दोऱ्याचा दाब सहसा मधलाच असतो. शिरांमधला रक्ताचा दाब कमी असतो, त्यामुळे त्या लगेच मिटतात. धमन्यांमधला दाब बराच जास्त असतो, म्हणून त्या चालूच राहतात. म्हणजे कोंबात रक्त येत राहतं, पण परत जात नाही. तासा-दोन तासांत कोंब फुगतो, ताणला जातो, जांभळा पडतो. कोंब सुकून गळण्याची वाट पाहणाऱ्याच्या समोर तो दुप्पट झालेला असतो.

दोऱ्याखाली बाहेरची कातडी सापडली असेल तर आता असह्य ठणका लागतो. त्या वेदनेने गुदद्वाराचा स्नायू आवळतो, त्यामुळे बाहेर आलेला कोंब आणखी अडकतो आणि कळ वाढते. स्नायू असे आवळल्यामुळे लघवीही अडू शकते, विशेषतः पुरुषांत.

सकाळपर्यंत सूज इतकी वाढते की दोरा तिच्या घडीत बुडून जातो. सोडवायला गेलं तर गाठ दिसत नाही, आणि सोडवणाऱ्याला दोरा कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते हेच समजत नाही. पुढच्या एक-दोन दिवसांत आतला भाग मरू लागतो. रंग काळपट होतो, वास येतो, पातळ स्राव सुरू होतो. मेलेल्या मांसावरून रोज मल जातो, आणि शेजारी बसायच्या हाडापर्यंत चरबीचा सैल थर असतो, ज्यातून जंतू झपाट्याने पसरतात.

सगळं सुरळीत झालं आणि कोंब गळलाच, तरी धोका टळलेला नसतो. मेलेला तुकडा साधारण ५ ते १० दिवसांनी सुटतो. त्या क्षणी त्याच्या बुडातली धमनी पूर्ण बंद झालेली नसेल तर जोरात रक्तस्राव होतो. दवाखान्यात लावलेल्या बँडनंतरही हे क्वचित घडतं, म्हणून तिथे रुग्णाला त्याची आधीच कल्पना दिलेली असते. घरी बांधलेल्या माणसाला वाटतं, आठवडा निघाला, आता काही होणार नाही.

चामखिळीच्या मागे यातलं काही नसतं. मात्र गुदद्वाराजवळची गाठ चामखीळच आहे असं वाटत असेल तर आधी प्रश्न १२ पाहा.

५. दोरा बांधताना अजिबात दुखलं नाही. म्हणजे जागा बरोबर होती ना?

असं वाटणं साहजिक आहे, पण ते खरं असेलच असं नाही. मोठा कोंब बाहेर येतो तेव्हा दातेरी रेषाही त्याच्याबरोबर खाली ओढली जाते. त्यामुळे दोरा एका बाजूला वेदना न कळणाऱ्या अस्तरावर आणि दुसऱ्या बाजूला कातडीवर बसू शकतो. सुन्न करणारं मलम लावलेलं असेल तर कातडी बांधली गेल्याचंही काही तास कळत नाही.

याहून गंभीर शक्यता म्हणजे बाहेर आलेला भाग कोंब नसून गुदाशयाची भिंतच असणं. याला गुदभ्रंश म्हणतात. कोंबांमध्ये खाचा उभ्या, पाकळ्यांसारख्या दिसतात. गुदभ्रंशात वळ्या गोल, एकात एक असलेल्या कड्यांसारख्या असतात. तो बांधणं म्हणजे आतडंच बांधणं, आणि तरीही बांधताना फारसं दुखत नाही.

६. नवं ब्लेड घेऊन झटकन कापलं आणि कापसाने दाबून धरलं तर?

बोट कापलं की दाबतो, आणि रक्त थांबतं, कारण खाली हाड असतं. इथे खाली पोकळी आहे. कापलेला कोंब स्नायू आवळताच आत ओढला जातो आणि कापलेलं टोकही त्याच्याबरोबर आत जातं. बाहेरचा कापूस कोरडा दिसतो आणि रक्त वर गुदाशयात साठत राहतं. गुदाशयात बरंच रक्त मावतं. आधी फक्त शौचाला लागल्यासारखं होतं, मग एकदम गुठळ्या आणि ताजं रक्त बाहेर पडतं, आणि तोवर माणसाला घेरी येऊ लागलेली असते. शौचालयात एकट्याने असं करणारा माणूस आतून कडी लावलेली असतानाच बेशुद्ध पडू शकतो.

दुसरा धोका कायमचा असतो. कोंबाच्या लगेच खाली आतला गुदस्नायू असतो. तो जेमतेम २ ते ३ मिलिमीटर जाड असतो. आपण झोपेत असतानाही गुदद्वार मिटून ठेवणारा स्नायू हाच. शस्त्रक्रियेत सर्जन त्याचे पांढरट तंतू डोळ्यांनी पाहतात, हळूच खाली लोटतात आणि मगच वरचा कोंब सोडवतात. चिमटीत कोंब ओढून धरला की हा स्नायूही तंबूसारखा वर उचलला जातो आणि ब्लेडखाली येतो. तो कापला गेला तर वारा आणि मल यांच्यावरचा ताबा जाऊ शकतो, आणि स्नायू पूर्ववत करणं अवघड असतं.

दोन-तीन कोंब असले म्हणून सगळीकडून कापणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो. सर्जन दोन जखमांच्या मध्ये धड कातडीचा पट्टा मुद्दाम राखतात. तो राहिला नाही तर जखम भरताना सगळं गुदद्वार आक्रसतं, आणि काही आठवड्यांनी मल पेन्सिलीएवढा बारीक होऊ लागतो.

७. एका रात्रीत निळी, टणक, खूप दुखणारी गाठ आली आहे. ती सुईने फोडली तर रक्त निघून जाईल ना?

ही गाठ बहुधा बाहेरच्या शिरेत गोठलेलं रक्त असते. ते पातळ उरलेलं नसतं, जेलीसारखं घट्ट असतं आणि पुष्कळदा लहान लहान कप्प्यांत अडकलेलं असतं. सुईच्या छिद्रातून ते येत नाही. येतं ते शेजारच्या फुटलेल्या शिरेचं ताजं रक्त, आणि छिद्र बुजलं की गाठ पुन्हा भरते. शिवाय मलाच्या वाटेवर जंतूंना आत शिरायला भोक तयार होतं.

वेदना पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असते. त्यानंतर ती आपोआप उतरते आणि गाठ पुढच्या काही आठवड्यांत विरते. वेदना फारच असेल तर पहिल्या ७२ तासांच्या आत डॉक्टर जागा सुन्न करून वरच्या कातडीच्या लांबट चकतीसकट गोठलेलं रक्त काढतात. नुसती चीर दिली तर कडा पुन्हा चिकटतात आणि रक्त परत साठतं, म्हणून चकती काढावी लागते. तीन दिवस उलटून गेले असतील आणि दुखणं कमी होत असेल, तर सहसा कापण्याची गरजच नसते.

८. तापवलेली सुई, अ‍ॅसिड, चुना किंवा कोंब जाळणारं मलम लावलं तर?

डागण्यातली अडचण खोलीची आहे. इन्फ्रारेडचा झोत साधारण एक-दीड सेकंद देतात आणि तो ३ मिलिमीटरच्या आसपास खोल जातो, तेही दातेरी रेषेच्या वर. तापवलेली तार किती खोल जाईल हे तिचं तापमान, दाब आणि वेळ यांवर ठरतं, आणि हात दचकला की तिन्ही बदलतात. आतला स्नायू किती जवळ आहे ते प्रश्न ६ मध्ये आलंच आहे.

रसायनं याहून फसवी आहेत. अ‍ॅसिड ओलसर घडीतून पसरतं आणि समोरच्या धड कातडीलाही भाजतं. चुन्यासारखे क्षारयुक्त पदार्थ लावताना अ‍ॅसिडइतके झोंबत नाहीत, पण मांस विरघळवत कितीतरी वेळ आत जात राहतात. जाळणाऱ्या मलमांना निरोगी आणि रोगट मांस यांतला फरक कळत नाही. वर जमलेली काळी खपली काही दिवसांनी सुटते आणि तेव्हा रक्तस्राव होतो. शिवाय खपलीखाली काय होतं, हे तपासायला तुकडाही उरत नाही.

रसायन लागलं असेल तर कोरडी पूड आधी झटकून टाका आणि मग वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान २० मिनिटं धुवा. अ‍ॅसिडवर क्षार किंवा क्षारावर अ‍ॅसिड लावू नका. त्यातून उष्णता निघते आणि भाजणं वाढतं. धुऊन झालं की दवाखान्यात जा.

९. दोरा आधीच बांधला आहे. आता काय करू?

दोरा स्पष्ट दिसत असेल, गाठ सैल असेल आणि न ओढता सुटत असेल तर सोडा. दोरा सुजेत बुडाला असेल तर कात्री, ब्लेड किंवा सुई आत घालू नका आणि ओढूही नका. तसंच तातडीच्या विभागात जा. तिथे जागा सुन्न करून दोरा कापतात आणि खालचा भाग जिवंत आहे का ते पाहतात. निघण्यापूर्वी पोटभर खाऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते.

एका दिवसाहून जास्त वेळ दोरा राहिला असेल, तर तो निघाल्यावर बरं वाटलं तरी तपासणी टाळू नका. पुढचे दोन आठवडे कुंथणं, जड उचलणं आणि अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेणं टाळा. डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅस्पिरिन मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. धनुर्वाताची लस कधी घेतली होती तेही डॉक्टरांना सांगा.

१०. कापलं आहे आणि रक्त थांबत नाही. दवाखान्यात पोहोचेपर्यंत काय करावं?

कुशीवर झोपा आणि गुडघे पोटाशी घ्या. स्वच्छ कापडाची जाड घडी थेट गुदद्वारावर ठेवून तळव्याने घट्ट दाबा आणि घड्याळ लावून १५ मिनिटं दाब सोडू नका. मध्येच उचलून पाहिलं की नुकतीच जमलेली गुठळी निघते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. आत कापूस कोंबू नका, हळद किंवा पावडर भरू नका, आणि कितीही शौचाला लागल्यासारखं वाटलं तरी बसून कुंथू नका. ती भावना आत साठलेल्या रक्ताची असते.

मदतीला माणूस लगेच बोलावून घ्या आणि दार उघडं ठेवा. १५ मिनिटांनी रक्त चालूच असेल, गुठळ्या पडत असतील, घाम फुटून अंग गार पडत असेल, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रुग्णवाहिका बोलवा. बाहेर रक्त दिसत नसेल पण ही लक्षणं असतील, तरीही बोलवा.

११. जखम झाली आहे पण रक्त थांबलंय. सकाळपर्यंत थांबू का?

यापैकी एकही गोष्ट असेल तर थांबू नका: ताप किंवा थंडी वाजणं, लघवी अडणं, आणि जखमेच्या मानाने खूपच जास्त, वाढत जाणारी वेदना. ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर ओटीपोटात जंतुसंसर्ग पसरत असल्याची शक्यता असते, आणि त्यात तासांचा फरक पडतो.

दुसरी खूण कातडीवर दिसते. लाली किंवा सूज गुदद्वारापासून वृषणाकडे, योनीकडे किंवा नितंबावर सरकत असेल, कातडी काळसर पडत असेल, दाबल्यावर कुरकुरत असेल, तर तो फूर्निए गँग्रीन असू शकतो. पॅरिसमधले डॉक्टर फूर्निए यांनी १८८३ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. अशा वेळी मेलेला भाग शस्त्रक्रियेने लगेच काढावा लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. मधुमेह असणाऱ्यांना याचा धोका जास्त असतो. लाली सरकते का हे कळण्यासाठी तिच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा. रेघ ओलांडली गेली तर लगेच निघा.

१२. गाठ कोंबच आहे हे मला माहीत आहे. तपासायचं कशाला?

हाताला लागणारी मऊ गाठ आणि लाल रक्त, एवढ्यावरून ते ठरत नाही. जुन्या फिशरच्या, म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या चिरेच्या, टोकाशी कातडीचा कोंब येतो, आणि तो कापला तरी आतली चीर तशीच राहते. गुदद्वाराजवळचा फोड, विषाणूने आलेल्या चामखिळी, आतून लोंबणारा पॉलिप आणि गुदद्वाराचा किंवा गुदाशयाचा कर्करोग हे सगळे 'मूळव्याध' या नावाखाली महिनोन्महिने घरी सांभाळले जातात. कर्करोगाची गाठ जाळून किंवा कापून टाकली की निदानाला लागणारा तुकडा गेला आणि वेळही गेला.

यकृताचा जुनाट आजार असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. त्यांच्या गुदाशयात फुगलेल्या शिरा असू शकतात. त्या कोंबासारख्या दिसतात, पण कापल्या तर रक्त थांबवणं अतिशय कठीण जातं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर दवाखान्यातही रबर बँड लावण्याआधी थांबून विचार करतात. ही औषधंही स्वतःहून बंद करू नका.

१३. मग घरी काहीच करायचं नाही का?

कापणं, बांधणं, जाळणं सोडून बरंच करता येतं. कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा बसलं की आवळलेला स्नायू सैल होतो. बाहेर आलेला कोंब व्हॅसलीन लावलेल्या बोटाने, कुशीवर झोपून, हळू आणि सतत दाब देत आत सरकवता येतो. जोराने ढकलायचं नाही. मल मऊ राहील असा चोथायुक्त आहार आणि पुरेसं पाणी घ्या, आणि शौचाला काही मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं.

कोंब आत जात नसेल, टणक झाला असेल, जांभळा किंवा काळा पडला असेल, तर तो अडकला आहे. तो आत ढकलण्याचा प्रयत्न थांबवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

१४. रबर बँड लावायचं उपकरण ऑनलाइन मिळतं. ते घरी वापरलं तर दोऱ्याचा धोका टळेल ना?

दोऱ्याच्या जागी बँड आला तरी दातेरी रेषा दिसण्याचा प्रश्न सुटत नाही. स्वतःच्या गुदद्वारात स्वतः पाहता येत नाही, आणि घरातल्या दुसऱ्या कुणी पाहिलं तरी रेषा ओळखायला सराव लागतो. बँड खाली बसला तर तो बाहेरच्या कातडीला आवळतो आणि घरी काढता येत नाही, मग प्रश्न ९ मधलीच वाट उरते.

१५. घरी काय केलं ते डॉक्टरांना सांगायची लाज वाटते. नाही सांगितलं तर चालेल का?

नाही. उपचार त्यावरच ठरतात. काय बांधलं, किती वाजता बांधलं, कोणतं रसायन लावलं, किती वेळ राहिलं, काही तुकडा बाहेर आला का, एवढं तरी सांगा. रसायनाची बाटली किंवा मलमाची डबी सोबत न्या, आणि निघालेला तुकडा फेकला नसेल तर स्वच्छ डबीत घालून तोही न्या, म्हणजे तो तपासणीला पाठवता येईल. बोलणं जमत नसेल तर हे सगळं कागदावर लिहून तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.